कर्जाच्या मंजुरीपत्राचे मराठी भाषांतर: व्याज, तारण आणि परतफेड जशीच्या तशी कशी उतरवावी

पुण्यात छोट्या उद्योगाच्या कर्जाचे मंजुरीपत्र भाषांतराला येते ते बहुतेक वेळा कर्जदारासाठी नसते. भोसरीत किंवा चाकणला कारखाना चालवणारा माणूस बँकेचे इंग्रजी वाचून वाचून सरावलेला असतो. मराठी प्रत हवी असते ती आईसाठी, सासऱ्यांसाठी, थोरल्या भावासाठी, म्हणजे ज्यांचा फ्लॅट तारण राहणार आहे आणि जे जामीनदार म्हणून सही करणार आहेत त्यांच्यासाठी. त्यांना पैसे मिळणार नसतात, पण जबाबदारी पूर्ण येते. म्हणून पहिला वाचक तेच आहेत असे धरून कामाला लागा.

या कामात नव्याने येणाऱ्यांना वाटते की अवघड भाग कायद्याच्या शब्दांचा आहे. तो पंधरा-वीस पत्रांनंतर सवयीचा होतो. खरी अडचण अशी की मंजुरीपत्रात एका आकड्याला चार-पाच शब्द बांधलेले असतात आणि त्यातला एक सुटला की आकडा बरोबर राहूनही अर्थ बदलतो. त्यामुळे इथे सगळे पत्र न घेता व्याज, परतफेड आणि तारण ही तीनच कलमे नीट पाहू.

नमुना म्हणून एक पत्र घेऊ. व्यक्ती आणि रकमा मी रचलेल्या आहेत, पण कलमांची भाषा नेहमी भेटते तीच आहे. भोसरी एमआयडीसीतला पावडर कोटिंगचा छोटा कारखाना, एकट्याच्या मालकीचा. ऑक्टोबर 2025 मध्ये बँकेने नवीन ओव्हन आणि स्प्रे बूथसाठी 18 लाखांचे मुदत कर्ज आणि खेळत्या भांडवलासाठी 7 लाखांचे कॅश क्रेडिट मंजूर केले. मालकाच्या आईच्या नावावर चऱ्होली बुद्रुकला फ्लॅट आहे. तो तारण, आणि आई जामीनदार.

आधी कागद, मग भाषांतर

मंजुरीपत्राची फक्त पहिली दोन पाने फोटो काढून पाठवली असतील तर काम सुरू करू नका. व्याज आणि रक्कम पहिल्या पानावरच्या तक्त्यात असते, पण तारणाचा तपशील आणि अटी बहुधा मागच्या परिशिष्टात असतात आणि दोन्हीकडे एकच गोष्ट वेगळ्या शब्दांत लिहिलेली असू शकते. सगळी पाने, परिशिष्टांसह मागा.

त्याच्या जोडीला आणखी तीन कागद हवेत. पहिला म्हणजे केएफएस, बँकेने दिलेले मुख्य तथ्यांचे विवरण. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल 2024 च्या परिपत्रकानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या नव्या मुदत कर्जांना ते द्यावेच लागते, आणि कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यावे लागते. म्हणजे मराठी केएफएस मागण्याचा हक्क आहे. मिळाले तर उत्तम, कारण त्यातले शब्द तुम्ही जसेच्या तसे वापरू शकता. दुसरा कागद फ्लॅटच्या खरेदीचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला खरेदीखताचा उतारा. तिसरा, जामीनदारांचे आधार कार्ड, कारण त्यावर नाव मराठीत असते. हे दोन कशाला, ते तारणाच्या भागात येईल.

भाषांतराचे पहिले वाक्य लिहिण्याआधी एक तक्ता करा. डावीकडे पत्रातला प्रत्येक आकडा, मग तो कोणत्या पानावर आहे, आणि उजवीकडे त्याला चिकटलेले शब्द: कशावर, केव्हापासून, कितीदा, कोणाकडून. आमच्या नमुन्यात असे सुमारे 25 आकडे निघतात. हा तक्ता पुढे तपासणीलाही लागतो. शिवाय पत्र स्वतःशीच विसंगत असेल तर ते इथेच उघड होते. तसे बऱ्याचदा असते, कारण शाखेतले लोकही जुन्या पत्रावर नवे पत्र तयार करतात.

व्याजाचे कलम

पत्रात कलम असे आहे, इंग्रजी शब्द देवनागरीत लिहितो: ईबीएलआर, प्रेझेंटली 8.15 टक्के, प्लस 1.35 टक्के, इफेक्टिव्ह रेट 9.50 टक्के पर अ‍ॅनम विथ मंथली रेस्ट्स, रीसेट वन्स इन थ्री मंथ्स.

घाईत याचे भाषांतर होते, ‘व्याजदर 9.50 टक्के’. आकडा बरोबर, अर्थ अर्धा. आईंनी हे वाचले तर त्या समजतील की पाच वर्षे 9.50 टक्केच. प्रत्यक्षात दर रेपो दराला, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याला, बांधलेला आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांनी सूक्ष्म आणि लघु उद्योगांना दिलेली बदलत्या दराची नवी कर्जे बाहेरच्या मापदंडाशी जोडावी लागतात आणि दर तीन महिन्यांतून एकदा तरी दराचा फेरआढावा घ्यावा लागतो. नमुन्यातल्या बँकेचा 8.15 टक्के हा दर तेव्हाच्या 5.50 टक्के रेपोवर 2.65 ची भर घालून झाला आहे. त्यावर या कर्जदारासाठी आणखी 1.35. पुढे 5 डिसेंबर 2025 रोजी रेपो 5.25 झाला, म्हणजे बँकेची भर तीच राहिली तर पुढच्या फेरनिश्चितीला हा दर 9.25 वर येतो. रेपो वाढला तर वरही जाईल. ‘सध्या’ हा एक शब्द गाळल्याने ही सगळी हालचाल भाषांतरातून नाहीशी होते.

मी या कलमाची तीन वाक्ये करतो: ‘व्याजदर बँकेच्या बाह्य मापदंडाधारित कर्जदराशी, म्हणजे ईबीएलआरशी, जोडलेला राहील. हा दर सध्या 8.15 टक्के असून त्यावर 1.35 टक्के भर धरून प्रत्यक्ष व्याजदर सध्या दरसाल दर शेकडा 9.50 होतो. व्याजाची आकारणी दरमहा होईल आणि दराची फेरनिश्चिती दर तीन महिन्यांनी एकदा होईल.’ मूळ एका वाक्याची तीन वाक्ये झाली तरी चालते. मात्र एकही अट त्यातून बाहेर पडता कामा नये आणि नवी आत येता कामा नये.

यात दोन जागा निसरड्या आहेत. ‘मंथली रेस्ट्स’ म्हणजे व्याज दर महिन्याला हिशेब करून खात्याला नावे टाकले जाते. न भरल्यास ते थकलेल्या रकमेत मिळते आणि त्यावर पुढे व्याज चढते. याचे ‘मासिक 9.50 टक्के’ असे भाषांतर केलेत तर तुम्ही बँकेला सावकार करून टाकले. ‘मासिक व्याजदर’ हे शब्द या पत्रात कुठेच यायला नकोत. दुसरी जागा टक्क्यांची. पत्रात ‘135 बेसिस पॉइंट्स’ असेल तर ते 1.35 टक्के. दर ‘0.25 टक्क्यांनी’ कमी झाला आणि दर ‘25 बेसिस पॉइंट्सनी’ कमी झाला, हे बँकेच्या भाषेत एकच आहे. पण वाचक 9.50 चे 0.25 टक्के काढत बसू शकतो. म्हणून शक्य तिथे ‘9.50 वरून 9.25’ असे दोन्ही टोकांचे आकडे लिहावेत, अर्थात मूळ पत्रात ते असतील तरच.

आणि 9.50 हे 9.50 च लिहा. बोलताना आपण साडेनऊ म्हणतो, सव्वानऊ म्हणतो, समजावून सांगताना तेही म्हणा. कागदावर मात्र पत्रात जितके दशांश तितकेच. अक्षरी हवे असेल तर ‘नऊ पूर्णांक पन्नास शतांश’.

केएफएसमध्ये तुम्हाला आणखी एक टक्केवारी दिसेल, एपीआर. ती व्याजदरापेक्षा थोडी जास्त असते, कारण तिच्यात प्रोसेसिंग फी आणि इतर आकार धरलेले असतात. दोन्ही आकडे बरोबर असतात, पण दोन वेगळ्या गोष्टींचे. मंजुरीपत्रातल्या व्याजाच्या कलमात एपीआर आणून बसवू नका.

परतफेड: इथे सर्वात जास्त वेळ द्या

नमुन्यातले कलम सांगते की मुदत कर्ज पहिल्या वितरणाच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या मोरॅटोरियमनंतर 30,000 रुपयांच्या 60 समान मासिक मुद्दल हप्त्यांत फेडायचे. व्याज वेगळे, नावे पडेल तसे भरायचे, मोरॅटोरियमच्या काळातही.

‘हप्ता’ हा शब्द ऐकला की पुण्यातल्या कोणत्याही घरात गृहकर्जाचा ईएमआय डोळ्यांसमोर येतो, म्हणजे मुद्दल आणि व्याज मिळून दरमहा एकच रक्कम. इथे तसे नाही. इथे 30,000 हे फक्त मुद्दल आहे. पूर्ण 18 लाख उचलले असतील तर हप्ते सुरू झाल्यावर पहिल्या महिन्याचे व्याज ढोबळमानाने 14,250 होते, म्हणजे खिशातून जाणार 44,250. शेवटच्या महिन्यात व्याज अडीचशेच्या आत येते आणि एकूण 30,240 च्या आसपास भरावे लागतात. हेच कर्ज त्याच दराने 60 महिन्यांच्या ईएमआयवर असते तर हप्ता साधारण 37,800 राहिला असता. ‘60 समान मासिक हप्ते’ एवढेच लिहिले तर वाचणारा 30,000 चा हिशेब करून बसतो आणि पहिल्याच महिन्यात 14,000 कमी पडतात. म्हणून ‘मुद्दलाचे 60 समान मासिक हप्ते, प्रत्येकी 30,000 रुपये, व्याज याव्यतिरिक्त’ असे लिहा. मूळ पत्रात ‘इक्वेटेड’ आहे की ‘इक्वल’, हे भिंग लावून पाहा. पहिल्यात व्याज धरलेले असते, दुसऱ्यात बहुधा नसते. ‘बहुधा’ म्हणतो, कारण कधीकधी बँकेकडूनच चुकीचा शब्द पडतो. तेव्हा हप्त्याच्या रकमेला हप्त्यांच्या संख्येने गुणा. गुणाकार कर्जाच्या रकमेइतकाच आला तर हप्त्यात फक्त मुद्दल आहे. 30,000 गुणिले 60, बरोबर 18 लाख.

मोरॅटोरियमला ‘कर्जमाफीचा काळ’ किंवा ‘सवलतीचा काळ’ म्हणू नका. मार्च ते ऑगस्ट 2020 मधल्या करोनाकाळातल्या मोरॅटोरियमपासून हा शब्द ‘काहीच भरायचे नाही’ अशा अर्थाने लोकांच्या डोक्यात बसला आहे. त्या वेळीही व्याज चढतच होते, आणि इथे तर ते दरमहा भरायचेच आहे. मी ‘मुद्दलाची परतफेड सुरू होण्यापूर्वीचा सहा महिन्यांचा कालावधी’ असे लिहितो, पहिल्या वेळी ‘मोरॅटोरियम’ हा शब्द सोबत ठेवतो आणि लगेच पुढचे वाक्य व्याजाचे घेतो. मूळ पत्रात व्याजाची अट चार ओळी खाली असली तर तिची जागा तशीच ठेवा, पण ती नक्की आली आहे ना, ते तक्त्यावरून पाहा.

‘पहिल्या वितरणाच्या तारखेपासून’ हेही जपा. ‘कर्ज मिळाल्यापासून’ असे सैल लिहिले की गोंधळ होतो, कारण यंत्राचे पैसे टप्प्याटप्प्याने जातात. ओव्हन बनवणाऱ्याला आधी 30 टक्के आगाऊ दिले की त्याच दिवशी सहा महिने मोजायला सुरुवात होते, ओव्हन कारखान्यात यायला तीन महिने लागले तरी. मंजुरीची तारीख, वितरणाची तारीख आणि हप्ता सुरू होण्याची तारीख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्रात पहिल्या हप्त्याची नेमकी तारीख दिलेली नसेल तर तुम्ही मोजून टाकू नका.

आता तक्त्यात काय सापडले ते पाहा. याच नमुन्यात पहिल्या पानावर ‘अवधी 60 महिने’ असे आहे आणि आत कलमात ‘सहा महिन्यांनंतर 60 हप्ते’. दोन्ही एकदम खरे असू शकत नाही. कलम खरे असेल तर एकूण काळ 66 महिने. पहिले पान खरे असेल तर मोरॅटोरियम धरून 60, म्हणजे हप्ते 54 आणि प्रत्येक सुमारे 33,333. महिन्याला सव्वातीन हजारांचा फरक, आणि तो छोट्या कारखान्याला जाणवतो. कलमातला 30,000 चा आकडा 60 हप्त्यांशी जुळतो, तेव्हा तेच बरोबर असावे असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटते. तरी भाषांतरात पहिल्या पानावर ‘60 महिने’ आणि कलमात ‘60 हप्ते’ असेच ठेवायचे, आणि वेगळ्या कागदावर टीप लिहून कर्जदाराला द्यायची की शाखेकडून हे लेखी दुरुस्त करून घ्या. शाखेतले कोणी फोनवर ‘अहो, 66 च आहे’ म्हणाले म्हणून प्रत बदलू नका. दुरुस्त पत्र किंवा ईमेल आला की बदला.

कॅश क्रेडिटची परतफेड वेगळी आहे, तिला हप्ते नाहीत. पत्र म्हणते, मागणी करताच परत, आणि मर्यादा 12 महिन्यांसाठी. इथे ‘12 महिन्यांत फेडायचे’ असे होऊ देऊ नका. ‘मर्यादेचा कालावधी 12 महिने, त्यानंतर नूतनीकरणाच्या अधीन, रक्कम बँकेने मागणी करताच परत करावी लागेल.’ तिथेच ‘मार्जिन’ येते, मालावर 25 टक्के. तो नफा नव्हे, मालाच्या किमतीतला मालकाने स्वतः घालायचा वाटा आहे. शब्द ‘मार्जिन’च ठेवा, भोसरीत तोच चालतो.

तारण: शब्द एक, अर्थ चार

मराठीत बोलताना आपण सगळ्याला ‘तारण’ म्हणतो. मंजुरीपत्रांत चार वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीचा अर्थ वेगळा.

यंत्रे आणि माल बँकेकडे हायपोथिकेट होतात. ताबा कारखान्याकडेच राहतो, ओव्हन रोज चालते, पण त्यावर बँकेचा बोजा असतो. आपल्या सहकारी बँकांच्या कागदांत यासाठी ‘नजरगहाण’ हा शब्द रूढ आहे आणि तो फार नेमका आहे. इथे नुसते ‘गहाण’ किंवा ‘तारण ठेवले’ असे लिहिले तर सोनेतारणासारखी वस्तू बँकेत जमा करायची, असा समज होतो. वस्तूचा ताबा बँकेकडे जातो तो प्रकार म्हणजे प्लेज. तो या पत्रात नाही.

फ्लॅट गहाण आहे, आणि पत्रात ‘इक्विटेबल मॉर्गेज’ म्हटले आहे. म्हणजे फ्लॅटचे मूळ दस्त बँकेकडे ठेवून केलेले गहाण, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 च्या कलम 58 मध्ये आहे तो प्रकार. नोंदणीकृत गहाणखत वेगळे. पण ‘कागद तर नुसते ठेवायचे आहेत’ असे समजून हा हलका प्रकार मानणारे खूप भेटतात. महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना 30 दिवसांत दुय्यम निबंधकांकडे दाखल करावी लागते, तिलाच व्यवहारात नोटीस ऑफ इंटिमेशन म्हणतात. कर्ज थकले तर बँक फ्लॅटवर कारवाई करू शकते, ती दोन्ही प्रकारांत. मी लिहितो: ‘मूळ हक्कदस्त बँकेकडे ठेवून केलेले गहाण’.

‘प्रायमरी’ आणि ‘कोलॅटरल’ यांतला फरक मराठीत दिसायला हवा. कर्जाच्या पैशातून घेतलेले ओव्हन आणि बूथ हे मुख्य तारण, आईंचा फ्लॅट हे अतिरिक्त तारण. ‘अतिरिक्त’ हा शब्द वाचून आईंना वाटू शकते की आधी यंत्रे विकली जातील आणि मगच फ्लॅटची पाळी. पत्रात तसा क्रम लिहिलेला नसतो. भाषांतरात तो क्रम सूचित करणारा ‘त्यानंतर’, ‘उरल्यास’ असा एकही शब्द घालू नका, आणि समजावून सांगताना हे स्पष्ट सांगा.

या कलमातले सर्वात महाग वाक्य मात्र फार साधे दिसते: हे अतिरिक्त तारण दोन्ही सुविधांसाठी राहील. पत्रात ते ‘एक्स्टेंडेड टू कव्हर’ अशा शब्दांत एखाद्या तळटिपेसारखे असते. ते गळले तर कुटुंबाला वाटते की 18 लाख फिटले की फ्लॅट मोकळा. पण कॅश क्रेडिट दरवर्षी नूतनीकरण होत चालू राहते आणि तोवर दस्त बँकेकडेच राहतात. पाच वर्षांनी आईंना फ्लॅट विकायचा असेल तर हे वाक्य आडवे येते. ते स्वतंत्र ओळीत लिहा: ‘वरील सदनिकेचे गहाण मुदत कर्ज 18,00,000 रुपये आणि कॅश क्रेडिट 7,00,000 रुपये या दोन्ही सुविधांसाठी राहील.’ मूळ पत्रात तिथे रकमा नसतील तर तुम्हीही घालू नका, फक्त सुविधांची नावे द्या.

चौथी गोष्ट जामीन. आई इथे जामीनदार आहेत, सहकर्जदार नाहीत, आणि गहाण देणाऱ्याही आहेत. तिन्ही भूमिकांना वेगळे शब्द ठेवा आणि पत्रभर तेच वापरा. ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ म्हणजे ‘संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे’. पूर्ण रक्कम एकट्या आईंकडूनही मागता येते. भारतीय करार अधिनियम 1872 च्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळे नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हे भाषांतरात लिहायचे नाही, कारण पत्रात ते नाही. पण ‘स्वतंत्रपणे’ शब्द का आहे ते विचारले तर सांगता यायला हवे.

फ्लॅटचे वर्णन उलट्या दिशेने करायचे काम आहे. खरेदीखताचा इंडेक्स टू मुळात मराठीत असतो. बँकेच्या वकिलांनी त्यावरून इंग्रजी केले, आणि आता तुम्ही इंग्रजीवरून पुन्हा मराठी करणार. ते करू नका. इंडेक्स टू समोर ठेवा आणि गावाचे नाव, तालुका, सर्व्हे किंवा गट नंबर, सदनिका क्रमांक तिथून घ्या. इंग्रजीत ‘बीके’ असते ते बुद्रुक, ‘केएच’ ते खुर्द, आणि चऱ्होली बुद्रुक व चऱ्होली खुर्द ही दोन वेगळी गावे आहेत. आडनावाचेही तेच: रोमन लिपीतून काळे आणि काले, माने आणि माणे यांतला फरक कळत नाही, तो आधार कार्डावरून कळतो. क्षेत्रफळ पत्रात 585 चौरस फूट कार्पेट असेल आणि इंडेक्स टूमध्ये 54.35 चौरस मीटर, तर ते जुळते. पण भाषांतरात पत्रातलेच एकक ठेवा. पत्र आणि इंडेक्स टू यांत गट नंबर वेगळा निघाला तर पत्रातला नंबर लिहून टीप द्या. असा फरक आत्ताच सापडलेला बरा.

दंडाचे कलम आणि बाकीचे

दंडाचे कलम छोटे असते, पण इथे जुनी सवय नडते. पूर्वी ‘दंडव्याज’ होते. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानंतर, नव्या कर्जांना एप्रिल 2024 पासून, ते ‘दंडात्मक आकार’ झाले. तो व्याजदरात मिळवता येत नाही आणि त्यावर पुढे व्याज लावता येत नाही. पत्रात ‘पीनल चार्जेस’ असेल तर ‘दंडव्याज’ लिहू नका. उलट, पत्रात अजूनही ‘पीनल इंटरेस्ट’ असेल तर तेच लिहा आणि टीप द्या. नियम माहीत आहे म्हणून पत्र सुधारणे हे आपले काम नाही. आणि आकार कशावर आहे ते पाहा. थकलेल्या रकमेवर दरसाल 2 टक्के असेल आणि 44,250 रुपये 30 दिवस थकले, तर सुमारे 73 रुपये होतात. हेच चुकून ‘कर्जाच्या रकमेवर’ लिहिले तर 18 लाखांवर 2,959 रुपये.

प्रोसेसिंग फी, विमा, मंजुरीची वैधता, मालाचे मासिक विवरणपत्र ही कलमे सरळ असतात. त्यांत फक्त ‘शॅल’ आणि ‘मे’ सांभाळा: एकाचे ‘करील’ किंवा ‘करावे लागेल’, दुसऱ्याचे ‘करू शकेल’. बँक ‘दर बदलू शकेल’ आणि बँक ‘दर बदलेल’ यांत बराच फरक आहे.

तपासणी आणि सुपूर्द

टायपिंग युनिकोडमध्येच करा. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या जुन्या डीटीपी दुकानांत अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये काम होते. ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की टक्क्याचे चिन्ह आणि दशांशबिंदू कुठेही जातात. आकडे मराठी ठेवा किंवा इंग्रजी, पण एका प्रतीत एकच. मराठी ठेवलेत तर छोट्या टाइपात १ आणि ९ नीट वेगळे दिसतात का ते छापून पाहा. 12 पॉइंटच्या खाली जाऊ नका. द्यायची ती पीडीएफ.

तपासणी एकट्याने होत नाही. कोणाला तरी मराठी प्रत मोठ्याने वाचायला सांगा, फक्त आकडे आणि त्यांना जोडलेले शब्द, आणि तुम्ही इंग्रजी पत्रावर बोट ठेवून ऐका. ‘मुद्दलाचे हप्ते साठ, प्रत्येकी तीस हजार, व्याज याव्यतिरिक्त.’ जुळले की सुरुवातीच्या तक्त्यात खूण. तक्त्यात खूण न झालेली ओळ उरली तर काहीतरी गळले आहे.

मग जामीनदारांना प्रत वाचायला द्या आणि काही साधे प्रश्न विचारा. हप्ते सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात साधारण किती भरावे लागतील? मोरॅटोरियममध्ये काही भरायचे आहे का? मुदत कर्ज फिटले की फ्लॅटचे कागद परत मिळतील का? व्याज पाच वर्षे इतकेच राहील का? आई जर म्हणाल्या, ‘हो, 18 लाख फेडले की कागद घरी,’ तर तारणाचे कलम पुन्हा लिहा. शब्द बरोबर असतील, पण ते वाक्य वाचणाऱ्यापर्यंत पोहोचलेले नाही.

प्रतीच्या शेवटी एक ओळ असू द्या: हे भाषांतर समजण्यासाठी आहे, आणि अर्थाबाबत फरक आढळल्यास मूळ इंग्रजी मंजुरीपत्र ग्राह्य राहील. खाली तुमचे नाव, तारीख, आणि मूळ पत्राचा क्रमांक, तारीख व पानांची संख्या. पत्र बदलून आले तर कोणत्या पत्राचे हे भाषांतर, याचा वाद राहत नाही. टिपा वेगळ्या कागदावर, भाषांतरात मिसळलेल्या नकोत.

बँकेत मराठीत सही करणाऱ्या जामीनदारांकडून बहुधा एक घोषणापत्रही घेतले जाते: मजकूर मराठीत वाचून दाखवला, समजावला, समजला. त्यावर साक्षीदार म्हणून तुमची सही मागतील. तुम्ही स्वतः समोर बसून वाचून दाखवले असेल तरच करा, आणि दुरुस्त पत्र आलेले नसताना करू नका. आमच्या नमुन्यात तर 60 महिने की 66, हे लेखी आल्याशिवाय आईंनीही करू नये.